बाई, फार श्रमलात!
(चिनी शाळेतील निरोपाच्या भाषणाविषयी)

मित्रहो, आपल्याकडे शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचा निरोपसमारंभ असतो, तसा तो चीनमध्येही असतो. तिथे शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी संपते. बहुतेक ठिकाणी सहा वर्षे प्राथमिक शाळा आणि तीन वर्षे खालची माध्यमिक शाळा अशी नऊ वर्षे होतात. १९८६ च्या कायद्याने ही नऊ वर्षे सक्तीची झाली. नववीच्या शेवटी मोठी परीक्षा असते. त्या परीक्षेच्या थोडे आधी किंवा नंतर, पटांगणात नाहीतर दिवाणखान्यात, सगळी शाळा जमते आणि जाणाऱ्या मुलांपैकी एक मुलगा किंवा मुलगी सर्वांच्या वतीने उभी राहून बोलते. भाषण फार लांब नसते. तीन-चार मिनिटे, फार तर पाच. एवढ्या वेळात तीन वर्षांचे आभार मानायचे असतात.

आज मी या छोट्या भाषणाविषयीच सांगणार आहे. ते कसे रचतात, त्यात कोणते शब्द येतात, ते कुठे साधते आणि कुठे फसते, हे आपण एक नमुना समोर ठेवून पाहू. चिनी भाषा आपल्याला येत नाही याची चिंता नको. लागतील ते चार-दोन शब्द मी उलगडून सांगेन.

प्रथम हाक कशी मारतात ते पाहू. भाषणाचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेलेच असते. ‘आदरणीय अधिकारीवर्ग, आदरणीय शिक्षकहो, प्रिय सोबत्यांनो, आपणां सर्वांना नमस्कार!’ यात दोन विशेषणे आहेत आणि त्यांची वाटणी पक्की आहे. वडीलधाऱ्यांना ‘आदरणीय’ म्हणायचे, बरोबरीच्यांना ‘प्रिय’. त्यांची सरमिसळ सहसा होत नाही. क्रमही ठरलेला असतो. पाहुणे व अधिकारी आधी, मग शिक्षक, आणि शेवटी आपले वर्गसोबती.

शिक्षकाला चिनी भाषेत ‘लाओशि’ म्हणतात. यातल्या ‘लाओ’ या अक्षराचा मूळ अर्थ म्हातारा. पण बावीस वर्षांची नवी शिक्षिका वर्गात आली तरी तीही लाओशिच. इथे ‘लाओ’ वय सांगत नाही, मान देतो. आडनाव आधी लावायचे आणि मग लाओशि म्हणायचे. वांग आडनावाच्या शिक्षिका असतील तर ‘वांग लाओशि’. शिक्षकाचे स्वतःचे नाव विद्यार्थी तोंडातून काढीत नाही. आपल्याकडे गुरुजी वेगळे, बाई वेगळ्या. तिथे दोघांना एकच शब्द. त्यामुळे असे भाषण मराठीत आणताना आपल्याला आधी विचारावे लागते, की हे गुरुजी की बाई?

दुसरा शब्द ‘नीन’. चिनी भाषेत साधे ‘तू’ म्हणजे ‘नी’, आणि मानाचे ‘आपण’ म्हणजे ‘नीन’. लिहिताना ‘नी’ या अक्षराच्या खाली ‘हृदय’ हे अक्षर काढले की ‘नीन’ होते. एरवी घाईच्या बोलण्यात ‘नी’ चालून जाते, पण निरोपाच्या भाषणात शिक्षकांना ‘नीन’च म्हणायचे, ही मुलांची पक्की समजूत असते. आपल्याला तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, तेव्हा यात नवल वाटायचे कारण नाही.

आता आजच्या विषयाचा गाभा. आभार मानायला चिनी भाषेत ‘शिए-शिए’ हा शब्द आहे. दुकानात, रस्त्यात, सगळीकडे तो चालतो. निरोपाच्या भाषणातही तो येतोच. पण शिक्षकाला उद्देशून जे वाक्य मनापासून म्हटले जाते ते निराळे आहे. ते असे : ‘लाओशि, नीन शिन-खू ल.’

यातल्या ‘शिन-खू’ या शब्दाकडे पाहा. ‘शिन’ म्हणजे तिखट, झोंबणारे. ‘खू’ म्हणजे कडू. दोन्ही मिळून अर्थ झाला कष्ट, श्रम, हाल. शेवटचा ‘ल’ एवढेच सांगतो, की हे घडून गेलेले आहे. तेव्हा सबंध वाक्याचा अर्थ झाला, ‘बाई, आपण फार श्रमलात.’ ओझे वाहून आणणाऱ्या माणसाला, प्रवास करून दारी आलेल्या पाहुण्याला, रात्रपाळी करून परतलेल्या बापाला चिनी माणूस हेच म्हणतो. आणि गंमत अशी, की कष्ट सोसणे याला चिनी भाषेत ‘कडू खाणे’ म्हणतात. आपण म्हणतोच ना, ‘त्याने मुलांसाठी फार खस्ता खाल्ल्या’! खाण्याची ही कल्पना दोन्ही भाषांना सुचली आहे.

‘शिए-शिए’ आणि ‘शिन-खू’ यांत फरक काय? ‘आभारी आहे’ असे म्हणतो तेव्हा माझी दृष्टी मला काय मिळाले याकडे असते. ‘आपण श्रमलात’ असे म्हणतो तेव्हा माझी दृष्टी देणाऱ्याला काय पडले याकडे वळते. पहिल्या वाक्याला काही ठाऊक असण्याची गरज नाही. दुसरे वाक्य खरे व्हायचे असेल तर बोलणाऱ्याने आधी ते श्रम पाहिलेले असले पाहिजेत. निरोपाचे भाषण साधते की फसते, ते इथेच ठरते. मुलाने आपल्या शिक्षकाचे श्रम डोळ्यांनी पाहिले आहेत काय, आणि पाहिलेले सांगितले आहे काय, एवढाच प्रश्न.

हे श्रम कोणते असतात ते समजायला तिथल्या ग्रामीण शाळेची रीत थोडी सांगायला हवी. चिनी शाळेत प्रत्येक वर्गाला एक वर्गशिक्षक असतो, त्याला ‘बान-जू-रन’ म्हणतात. बहुधा तोच शिक्षक तीनही वर्षे त्याच वर्गाबरोबर पुढे सरकतो. सातवीला हाती घेतलेली मुले तो नववीला सोडतो. तो आपला विषय शिकवतो, आणि त्याशिवाय वर्गाचे पालकपणही करतो. खेडेगावांत हे पालकपण फार मोठे आहे. २००१ नंतर तिथे गावोगावच्या लहान शाळा बंद करून मोठ्या गावच्या एका शाळेत मुले एकत्र करण्याचा क्रम काही वर्षे जोरात चालला. घर लांब पडले, म्हणून पुष्कळ मुले शाळेच्या वसतिगृहात राहू लागली. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायचे आणि रविवारी परतायचे. त्यातल्या अनेकांचे आईबाप दूरच्या शहरांत कारखान्यांवर कामाला गेलेले असतात आणि नव्या वर्षाच्या सणालाच काय ते घरी येतात. घरी आजी-आजोबा असतात. अशा मुलाला ताप आला, रात्री रडू आले, बूट फाटला, तर धाव घ्यायची कोणाकडे? वर्गशिक्षकाकडे. सकाळच्या अभ्यासाला तो हजर, रात्रीच्या अभ्यासाला तो हजर, आणि दिवे मालवल्यावर खोल्याखोल्यांतून कोण झोपले, कोण नाही, हे पाहायलाही पुष्कळदा तोच.

आता नमुन्याकडे वळू. समजा, अशाच एका शाळेतली नववीची मुलगी बोलायला उभी आहे. आईबाप दक्षिणेकडच्या कारखान्यात आहेत. तिच्या वर्गशिक्षिका गणित शिकवतात, त्यांचे आडनाव वांग धरू. भाषण मी नमुन्यासाठी रचले आहे, पण त्याचा सांगाडा आणि त्यातली रीत तिथलीच आहे. सुरुवात अशी :

‘आदरणीय अधिकारीवर्ग, आदरणीय शिक्षकहो, प्रिय सोबत्यांनो, नमस्कार. मी नववीच्या तिसऱ्या वर्गाची विद्यार्थिनी. आज सर्वांच्या वतीने बोलण्याचा मान मला मिळाला आहे. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी इथे आले, तेव्हा माझ्या हातात रजईचे गाठोडे होते आणि फाटक कुठले हेही मला माहीत नव्हते. आज मला डोळे मिटूनही इथून खानावळीपर्यंत जाता येईल.’

पाहा, वेळ कसा गेला हे सांगायची ही जागा. चिनी भाषणात इथे हटकून एक ठरलेला शब्दसमूह येतो, ‘काळ बाणासारखा गेला’. तो चुकीचा नाही, पण तो सगळ्यांचाच आहे. रजईचे गाठोडे हिचे आहे. ते कुठल्याही वसतिगृहातल्या मुलाला ओळखीचे वाटेल, पण उसने आणलेले वाटणार नाही. पुढे :

‘वांग लाओशि, पहिल्या हिवाळ्यातली एक रात्र आपल्याला आठवत नसेल. मला आठवते. दिवे गेल्यावर मी रजईत तोंड घालून रडत होते. आपण विजेरी घेऊन आलात. “काय झाले” असे आपण विचारले नाही. विजेरी मालवलीत आणि माझ्या पायाशी बसून राहिलात. मी झोपेपर्यंत बसलात की नाही ते मला ठाऊक नाही, कारण मी झोपले. सकाळी माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, ती तोवर गार झाली होती.’

यात ‘माया’ हा शब्द नाही, ‘वात्सल्य’ नाही, ‘आईसारख्या’ असेही नाही. बाईंनी काय केले तेवढेच आहे. विजेरी मालवली, हा या तुकड्याचा प्राण आहे. मुलीचे रडणे इतरांना दिसू नये म्हणून बाईंनी ती मालवली, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते आणि मुलीने ते सांगायची गरज राहत नाही. यानंतरचा तुकडा श्रमांचा आहे :

‘आम्ही रात्रीचा अभ्यास करीत असू, तेव्हा आपला लहान मुलगा शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर झोपलेला असे. पाणी प्यायला जाताना मी त्याला दारातून पाहत असे. आपण आम्हांला उदाहरण पुन्हा समजावून देत होतात, तेव्हा त्याला गोष्ट सांगायला कोणी नव्हते. तीन वर्षे आम्ही त्याची संध्याकाळ वापरली. धाकट्या भावा, तुझेही आभार. वांग लाओशि, आपण फार श्रमलात.’

मित्रहो, ‘शिन-खू’ हा शब्द कुठे आला आहे ते ध्यानात घ्या. आधी बाकावर झोपलेला मुलगा दाखवला, मग श्रमलात म्हटले. क्रम उलटा केला असता, म्हणजे ‘वांग लाओशि फार कष्टाळू आहेत’ असे आधी म्हणून मग उदाहरण दिले असते, तर ते प्रमाणपत्र झाले असते. पाहिलेले आधी आणि शब्द नंतर असला म्हणजे तो शब्द मुलीचा राहत नाही, सगळ्या सभेच्या तोंडी येतो.

चिनी निरोपाच्या भाषणात आणखी दोन गोष्टी पुष्कळदा असतात. एक, शिक्षकांखेरीज इतरांचे आभार. स्वयंपाक्याला आणि फाटकावरच्या माणसाला ‘शिफू’ म्हणून हाक मारतात. शिफू म्हणजे उस्ताद, आपल्या हुन्नराचा जाणता. यातला ‘शि’ आणि लाओशितला ‘शि’ हे एकच अक्षर आहे. म्हणून आमची ही मुलगी म्हणते, ‘खानावळीच्या शिफू, शेवटी येणाऱ्यांसाठी आपण बादलीच्या तळाचा भात राखून ठेवीत होतात. शेवटी येणारी मीच असे.’ दुसरी गोष्ट माफी. आभारांच्या पाठोपाठ ‘चुकले’ असे म्हणण्याची तिथे चाल आहे :

‘आम्ही आपल्याला नावे ठेवली. आपल्या चालण्याची नक्कल केली. वही कोरी देऊन “घरी विसरले” असे सांगितले. आपल्याला ते कळत होते, हे आम्हांला आता कळते. आम्हांला क्षमा करा.’

माफीचा हा तुकडा भाषणाला जमिनीवर आणतो. नुसतेच गोड बोलणे चालले असते तर ऐकणारी मुले चुळबुळ करू लागली असती. नकलेची गोष्ट निघाली की सगळा वर्ग हसतो, बाईही हसतात, आणि हसल्यानंतर ऐकायला मन मोकळे होते. मात्र इथे मर्यादा आहे. बाईंच्या चालण्याची नक्कल सांगता येते, कारण ती थट्टा मुलांनाच खाली दाखवते. बाईंच्या घरातले भांडण, आजारपण, पैशाची ओढ मुलांना ठाऊक असली तरी ती व्यासपीठावर आणायची नसते. बाकावर झोपणाऱ्या मुलाची गोष्टसुद्धा बाईंना आधी विचारून घ्यावी, इतकी ती नाजूक आहे.

शेवट कसा करतात तेही ऐका. रोज तास सुरू होताना वर्गाचा प्रमुख ‘छी-ली’ म्हणून आज्ञा देतो. छी-ली म्हणजे उभे राहा. सगळी मुले उभी राहून ‘लाओशि हाओ’ म्हणतात, म्हणजे ‘लाओशि, नमस्कार’. शिक्षकही उलट नमस्कार करतात आणि बसायला सांगतात. ही रीत रोज इतक्या वेळा घडते, की तिच्यातला अर्थ कोणाच्या लक्षात राहत नाही. निरोपाच्या भाषणात अनेकदा हीच आज्ञा शेवटी येते :

‘मी वर्गप्रमुख नाही, पण आज मला एकदा आज्ञा देऊ द्या. नववीचा तिसरा वर्ग, छी-ली!’

सगळी मुले उभी राहतात, ‘लाओशि हाओ’ म्हणतात आणि कमरेतून वाकून नमस्कार करतात. शिक्षकांना उत्तम प्रकृती लाभो, त्यांचे काम सुरळीत चालो, अशी साधी इच्छा बोलून भाषण संपते. शाळेला चिनी भाषेत ‘मू-श्याओ’ म्हणतात, म्हणजे ‘आई-शाळा’. पण ज्या शाळेत अजून शिकतो आहोत तिला तसे म्हणत नाहीत. ती सोडून गेल्यावर, किंवा सोडून जाताना, ती मू-श्याओ होते. त्या सकाळी मुले हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारतात.

आता भाषण फसते कुठे? तीन जागा सांगतो.

पहिली जागा चार अक्षरी शब्दांची. चिनी भाषेत चार-चार अक्षरांचे हजारो तयार शब्दसमूह आहेत. ते जुन्या ग्रंथांतून आले आहेत, नेटके आहेत, नादमधुर आहेत आणि परीक्षेच्या निबंधात त्यांना गुणही मिळतात. शिक्षकांची काळजी वर्णन करायला एक आहे, त्याचा अर्थ ‘जिथे पोचत नाही अशी बारीक जागाच नाही’. फार सुंदर शब्द! पण एकामागून एक असे आठ शब्द आले म्हणजे ढोलाचा ठेका तेवढा ऐकू येतो, अर्थ बाहेरच राहतो. आपल्याकडे ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘अज्ञानतिमिर’, ‘ऋणात राहू इच्छितो’ यांचे जे होते तेच. सबंध भाषणात असा एखादा शब्द असावा, आणि तोही पाहिलेल्या गोष्टीच्या पाठीवर.

दुसरी जागा उपमांची. शिक्षक म्हणजे मेणबत्ती, स्वतः जळून उजेड देणारी. शिक्षक म्हणजे रेशमाचा किडा, मरेपर्यंत धागा काढणारा. शिक्षक म्हणजे माळी. या उपमा चीनमध्ये लहान मुलांनाही पाठ असतात. पहिल्या दोन्हींचे मूळ जुन्या काव्यात आहे आणि तिथे ती प्रीतीच्या संदर्भात आली आहे. पुढे ती शिक्षकाला लावली गेली. यांत दोष असा, की मेणबत्तीला पाठदुखी नसते आणि किड्याला बाकावर झोपलेला मुलगा नसतो. ‘जळणे हाच शिक्षकाचा धर्म’ असे एकदा म्हटले की त्याच्या श्रमांबद्दल वेगळे काही म्हणायचे उरतच नाही. ‘शिन-खू’ नेमके उलटे सांगते. आपण माणूस आहात, दमता, आणि आम्ही ते पाहिले, असे ते म्हणते.

तिसरी जागा जरा अवघड आहे. मुलाने लिहिलेले भाषण समारंभापूर्वी शाळेत तपासले जाते. तपासणारे कोण? बहुधा भाषेचे शिक्षक, किंवा वर्गशिक्षकच. म्हणजे ज्यांचे आभार मानायचे त्यांच्याच हाताखालून ते आभार जातात. शिक्षक संकोचतात. विजेरीची गोष्ट खोडतात, ‘हे कशाला?’ म्हणतात, आणि तिथे ‘शिक्षकांनी अहोरात्र परिश्रम घेतले’ असे सभ्य वाक्य घालतात. हेतू वाईट नसतो, पण मुलाचे डोळे त्यातून निघून जातात. ते कसे ओळखावे? भाषणातले ‘वांग’ हे आडनाव खोडून तिथे दुसरे कोणतेही घाला. काहीच बिघडले नाही, तर त्या भाषणात वांग लाओशि नव्हत्याच, असे समजावे. आमच्या नमुन्यात ‘वांग’च्या जागी दुसरे नाव घातले तर बाकावरचा मुलगा लगेच तक्रार करील.

याच्या उलट टोकालाही एक चूक आहे. अलीकडच्या वर्षांत काही चिनी शाळांनी कृतज्ञतेची व्याख्याने ठरवली. बाहेरचा वक्ता येतो, करुण संगीत लावतो, आईबापांचे आणि शिक्षकांचे हाल सांगतो आणि हजार मुलांचे पटांगण एकदम रडते. त्यावर तिथेच टीकाही पुष्कळ झाली. त्या रडण्यात कोणाचे विशिष्ट असे काही नसते. सुटी झाली की ते सुकते.

मग एक प्रश्न उरतो. एवढ्या छोट्या भाषणाला इतके महत्त्व का द्यावे? चीनच्या बाबतीत याचे उत्तर त्यांच्या अलीकडच्या इतिहासात आहे आणि ते सुखाचे नाही. १९६६ साली तिथे सांस्कृतिक क्रांती म्हणतात ती सुरू झाली. शाळा-महाविद्यालयांतले वर्ग बंद पडले. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी आपल्याच शिक्षकांना भर सभेत उभे केले, त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या, त्यांच्या माना जबरदस्तीने वाकवल्या, त्यांना मारहाण केली. काही शिक्षक त्यात प्राणांस मुकले. शिकल्यासवरल्या माणसांना ‘दुर्गंधी नववा’ ही शिवी होती, म्हणजे समाजाच्या शत्रूंच्या यादीतली नववी जात. विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा १९६६ साली बंद झाली, ती १९७७ अखेर पुन्हा सुरू झाली. त्यानंतर १९८५ साली सरकारने १० सप्टेंबर हा शिक्षकदिन ठरवला. नवे वर्ष नुकतेच सुरू झालेले असावे आणि त्याचा आरंभ शिक्षकाच्या मानाने व्हावा, असा तो दिवस आहे.

म्हणजे ज्या पटांगणात एके काळी विद्यार्थ्यांनी शिक्षकाची मान वाकवली, तशाच पटांगणात आज विद्यार्थी आपली मान वाकवतो. ज्यांनी ती दहा वर्षे पाहिली त्यांची नातवंडे-पतवंडे आता नववीत आहेत. त्यांना तो इतिहास ठाऊक असो वा नसो, ‘आपण श्रमलात’ हे वाक्य तिथे नुसता शिष्टाचार म्हणून उभे राहत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. मध्यंतरी चीनमध्ये शिक्षकांना भेटवस्तू आणि पैशांची पाकिटे देण्याचे प्रस्थ वाढले होते. ज्याच्या बापाजवळ पैसा, त्याचे पाकीट जाड. २०१४ च्या जुलैत तिथल्या शिक्षण मंत्रालयाने नियम काढून शिक्षकांना विद्यार्थी व पालक यांच्याकडून अशा भेटी घेण्याची मनाई केली. तेव्हा रजईचे गाठोडे घेऊन आलेल्या मुलीला आणि मोटारीतून आलेल्या मुलाला देण्याजोगी एकच वस्तू सारखी उरते. ती म्हणजे शब्द. आणि या बाबतीत गाठोडेवाली मुलगी बहुधा श्रीमंत ठरते, कारण रात्री विजेरी घेऊन कोण येते ते तिने पाहिलेले असते.

आता भाषांतराविषयी एकच सांगून आटोपतो. ‘लाओशि, नीन शिन-खू ल’ याचे मराठी काय करावे? ‘गुरुवर्य, आपण अपार कष्ट उपसलेत’ असे केले तर ते भारदस्त होते, पण मूळ वाक्य इतके साधे आहे की पाच वर्षांचे पोरही ते म्हणते. ‘धन्यवाद, बाई’ केले तर श्रम निघून गेले. मला वाटते, आपल्या खेड्यापाड्यांत उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देताना घरातली बाई जे म्हणते तेच इथे नेमके बसते : ‘फार श्रमलात हो!’ शब्द आपल्या घरी आहे. तो आपण उंबऱ्यात वापरतो, व्यासपीठावर नेत नाही, एवढेच.

तेव्हा शिक्षक मित्रहो, निरोपाच्या भाषणासाठी एखादे मूल आपल्याकडे कागद घेऊन आले, तर त्याला शब्द सुचवण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाहा : ‘तुझ्या गुरुजींनी किंवा बाईंनी असे काय केले, जे कोणी पाहिले नाही असे त्यांना वाटते आणि तू मात्र पाहिलेस?’ मूल थोडा वेळ गप्प राहील. मग जे सांगेल ते तसेच लिहू द्यावे. आणि ते आपल्याविषयीच असेल, तर हातातले लाल पेन खाली ठेवावे.